संवाद पुटपुटल्यासारखे, संगीत मात्र कानठळ्या बसवणारे

संवाद ऐकू येईना म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच मारामारीत घर दणाणून जाते. चित्रपटाचा ध्वनी बहुधा ५.१ पद्धतीचा, म्हणजे सहा वाटांचा असतो. त्यातली मधली वाट मुख्यतः संवादांची. टीव्हीला दोनच स्पीकर असले की सगळे त्यांतच कोंबले जाते आणि संवाद संगीताखाली दबतात.

म्हणून आधी चित्रपट सुरू असताना ऑडिओच्या यादीत ५.१ऐवजी स्टिरिओ मिळतो का पाहा. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ‘मूव्ही’ऐवजी ‘क्लिअर व्हॉइस’सारखा पर्याय निवडा, बास थोडा कमी करा. ‘नाइट मोड’ असेल तर तो मोठे आवाज दाबतो, हळू आवाज उचलतो. बदल एकेक करा आणि कुजबुजीचा तोच प्रसंग पुन्हा ऐका. संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटले, तर सेटिंग जास्त झाले.

इअरफोनमुळे पंख्याचा, रस्त्याचा आवाज कमी होतो. पण मुळातच संगीताखाली दबलेला संवाद त्यानेही सुटा होत नाही. तिथे त्याच भाषेतली सबटायटल्स लावा. निसटलेला शब्द वाचता येतो आणि आवाज वाढवावा लागत नाही.