माठ निसर्गाचा नियम मोडतो का?

नवतपा सुरू आहे. पारशिवनीत दुपारी पारा ४४ अंशांवर, दारं-खिडक्या तापलेल्या, नळाचं पाणीसुद्धा कोमट. पण कोपऱ्यातल्या माठातलं पाणी गारेगार! आता विज्ञानाच्या पुस्तकात तर लिहिलंय की, उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. मग ४४ अंशांच्या हवेत ठेवलेलं पाणी २६-२७ अंशांवर कसं काय टिकतं? माठाला तो नियम लागू नाही का?

उत्तर शोधण्याआधी तो नियम मुळात का आहे, हे बघू. त्यासाठी प्रयोगशाळा नको. सहा वाट्या आणि सहा चिंचोके पुरेत.

चिंचोक्यांचा हिशोब

तीन वाट्या डावीकडे ठेवा, तीन उजवीकडे. वाटी म्हणजे अणू आणि चिंचोका म्हणजे ऊर्जेचं एक छोटं पाकीट. डावी वस्तू गरम आहे, म्हणून सहाही चिंचोके डावीकडच्या वाट्यांत टाका. उजवी वस्तू एकदम थंड, तिच्याकडे एकही नाही.

सहा चिंचोके तीन वाट्यांत किती प्रकारे ठेवता येतील? मोजून बघा, २८ प्रकारे. उजवीकडे मात्र एकच प्रकार: सगळ्या वाट्या रिकाम्या. एकूण मांडण्या २८ × १ = २८.

आता एक चिंचोका उजवीकडे द्या. डावीकडे पाच उरले, त्यांच्या मांडण्या २१. उजवीकडचा एक चिंचोका तीनपैकी कुठल्याही वाटीत जाऊ शकतो, म्हणजे ३ मांडण्या. एकूण २१ × ३ = ६३. दोन दिले तर १५ × ६ = ९०. तीन-तीन वाटले तर १० × १० = १००. त्यापुढे दिले की आकडा पुन्हा उतरतो: ९०, ६३, २८.

सगळ्या मिळून ४६२ मांडण्या झाल्या. अणू एकमेकांना धक्के देत ऊर्जेची देवाणघेवाण करत असतात आणि यातली प्रत्येक मांडणी सारखीच शक्य असते. उष्णतेला कुणी ‘तिकडे जा’ म्हणून सांगत नाही. पण वाटून घेतलेल्या मांडण्याच संख्येने जास्त, म्हणून ऊर्जा वाटली जाते. मांडण्यांच्या या संख्येचं माप म्हणजे एन्ट्रॉपी. लुडविग बोल्ट्झमन या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हा संबंध दाखवला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर सूत्र कोरलंय: S = k log W. त्यातला W म्हणजे मांडण्यांची संख्या.

एन्ट्रॉपी म्हणजे ‘अव्यवस्था’ असं आपण शिकतो. ते चूक नाही, पण त्यामुळे डोळ्यांपुढे पसरलेली खोली येते. खरा अर्थ इतकाच: बाहेरून वस्तू तशीच दिसत असताना आत किती वेगवेगळ्या मांडण्या शक्य आहेत.

सहा वाट्यांच्या खेळात सगळे चिंचोके पुन्हा डावीकडे जमण्याची शक्यता सोळा-सतरा वेळांत एकदा आहे. पण अवघ्या १८ ग्रॅम पाण्यात ६ लिहून पुढे २३ शून्यं द्यावी इतके रेणू असतात. तिथे असं उलटं घडण्याची शक्यता इतकी नगण्य, की विश्वाचं आजवरचं वय वाट पाहूनही ते दिसणार नाही.

थंड वस्तूला जास्त फायदा

वरचा पहिलाच व्यवहार परत बघा. एक चिंचोका देताना गरम बाजूच्या मांडण्या २८ वरून २१ झाल्या, म्हणजे फक्त पावपट गेल्या. थंड बाजूच्या मात्र १ वरून ३, थेट तिप्पट! उष्णता तेवढीच, पण थंड वस्तूला तिचा फायदा जास्त होतो. श्रीमंताचे शंभर रुपये गेले तर त्याला कळतही नाही. गरिबाला ते मिळाले तर त्याचा आठवडा निघतो, तसंच.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लॉशियसने १८६५ मध्ये ‘एन्ट्रॉपी’ हा शब्द दिला, तेव्हा त्याचा हिशोब सोपा होता: उष्णतेला तापमानाने भागा. तापमान मात्र केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे अंश सेल्सिअसमध्ये सुमारे २७३ मिळवायचे. समजा, ४७ अंशांच्या हवेतून (३२० केल्विन) २७ अंशांच्या पाण्यात (३०० केल्विन) ९,६०० ज्यूल उष्णता गेली. हवेने ९,६०० ÷ ३२० = ३० गमावले, पाण्याने ९,६०० ÷ ३०० = ३२ कमावले. एकूण २ ने वाढ. उलट दिशेने गेली असती तर २ ने घट झाली असती, आणि एकूण एन्ट्रॉपी आपोआप घटत नाही.

मग माठाचं काय?

माठाच्या बाबतीतही गरम हवेतून उष्णता पाण्यात येतच असते. तो नियम मोडलेला नाही. पण त्याच वेळी मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं आणि बाहेरच्या अंगावर त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २,४०० ज्यूल लागतात आणि ते उरलेल्या पाण्यातूनच काढले जातात.

हिशोब करू. पाणी २७ अंशांवर असेल तर उरलेल्या पाण्याची एन्ट्रॉपी २,४०० ÷ ३०० = ८ ने कमी झाली. वाफ होणाऱ्या ग्रॅमची तेवढीच वाढली, कारण द्रवात दाटीने बसलेले रेणू मोकळे झाले. इथपर्यंत बरोबरी. पण मे महिन्यातली आपली हवा कोरडी! वाफेचे रेणू त्यात दूरवर पसरतात, मांडण्या आणखी वाढतात आणि एन्ट्रॉपीत वरून सुमारे ०.४ ची भर पडते. पाणी थंड होतं ते या ‘वरच्या कमाई’च्या जोरावर.

म्हणूनच पावसाळ्यात माठ रुसतो. हवा आधीच वाफेने भरलेली असते, पसरायला जागा नाही, वरची कमाई जवळपास शून्य. कूलरचंही तेच: मे महिन्यात थंडगार वारा, जुलैत नुसता चिकचिकाट.

माठ किती गार होईल, याचीही सीमा ठरलेली आहे. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. पारा उतरत जाऊन जिथे थांबेल, त्याच्या खाली माठ जाऊ शकत नाही. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर तो साधारण २३ अंशांवर थांबतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर २८ च्या आसपास; म्हणजे जेमतेम दोन अंशांचा फरक.

भर उन्हाळ्यातही तुमचा माठ गार होत नसेल, तर त्याच्या अंगावर हात फिरवा. बाहेरून कोरडा लागला तर छिद्रं बुजली आहेत: एकतर ऑइल पेंटने, नाहीतर पाण्यातल्या क्षारांच्या पांढऱ्या थराने. ओला लागूनही पाणी कोमटच असेल, तर माठ कोंदट खोलीत आहे. वाफ तिथेच साचते. त्याला वारा लागेल अशा सावलीत हलवा, आणि दोन-तीन तासांनी पाणी पिऊन बघा.