निबंध जमा करण्याआधीचे सहा आठवडे

ब्रिटनमधलं मास्टर्स एका वर्षाचं असतं आणि ते फार लवकर संपतं. सप्टेंबरच्या अखेरीस वर्ग सुरू होतात. बहुतेक अभ्यासक्रम १८० क्रेडिट्सचे असतात, त्यांतली साधारण ६० क्रेडिट्स उन्हाळ्यात लिहायच्या प्रबंधाची. समाजशास्त्रं आणि मानव्यविद्या शिकणाऱ्यांच्या बाबतीत उरलेल्या विषयांचे गुण पुष्कळदा एकेका निबंधावर ठरतात. पहिला निबंध डिसेंबर-जानेवारीत द्यायचा, त्याचे गुण आणि शेरे हातात येईपर्यंत दुसऱ्या सत्राचे वर्ग सुरू झालेले. कुठे चुकलं हे कळतं तेव्हा निम्मं वर्ष सरलेलं असतं.

आपल्याकडून गेलेली मुलं इथेच अडकतात. सेमिनारमध्ये गप्प बसायचं, खोलीत एकट्यानं निबंध लिहायचा आणि ५८ गुण पडले की प्राध्यापकांना विचारायचं, ‘सर, कमी का दिलेत?’ तेव्हा विचारून फारसं काही हाती लागत नाही. तिथल्या शिक्षकांचा खरा उपयोग निबंध जमा करण्याआधी होतो, आणि त्याची सुरुवात सेमिनारपासून होते.

एक उदाहरण घेऊ. माण तालुक्यातली एक मुलगी पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करून विकास अभ्यासाच्या मास्टर्ससाठी इंग्लंडला गेली आहे, असं समजा. सहाव्या आठवड्याच्या सेमिनारसाठी एक शोधलेख वाचायला दिला आहे: मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांचा, महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवरचा, १९९३ साली प्रसिद्ध झालेला. १९७७च्या कायद्यानं मागेल त्याला काम द्यायचं बंधन सरकारवर घातलं. १९८८ साली योजनेवरची मजुरी जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर योजनेवरचं काम घटलं. लेखकांचा दावा असा, की मागणी असूनही काम पुरवलं गेलं नाही, म्हणजे हमी पातळ झाली.

सेमिनारला बारा-पंधरा विद्यार्थी, वेळ जेमतेम एक तास. आपली मुलगी लेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पेन्सिलीनं रेघा मारत वाचून जाते आणि तिथे तिला बोलता येत नाही. अशा वाचनाला आधी प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचावा, मग कोष्टकं पाहावीत, आणि अर्ध्या पानावर तीन गोष्टी लिहाव्यात. लेखकांचा दावा एका वाक्यात. त्याला त्यांनी दिलेला आधार. आणि आपली एक शंका, पान क्रमांकासह. पहिल्या दोन गोष्टी सगळेच आणतात. चर्चेत उपयोगी पडते ती तिसरी.

तिची शंका अशी असू शकते: १९८७च्या दुष्काळानंतर १९८८चा पाऊस देशभर चांगला झाला. शेतात काम मिळालं तर खडी फोडायला कोण जाईल? मग रोजगार घटला तो सरकारनं कामं काढली नाहीत म्हणून, की लोकांनी मागितलीच नाहीत म्हणून? पावसाचा आणि मजुरीचा परिणाम लेखकांनी वेगळा कसा काढला? हा पदवीपातळीवरचा बाळबोध प्रश्न आहे असं तिला वाटतं, म्हणून ती गप्प राहते. खरं तर त्या खोलीतला हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे. शिक्षक तिला लगेच उत्तर देणार नाहीत. ‘लेखकांची पद्धत कोणत्या पानावर आहे, काढा पाहू,’ असं म्हणून सगळ्यांना तिकडे वळवतील, आणि पुढची पंधरा मिनिटं त्यावरच जातील.

बोलायचं असेल तर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बोलावं. मनात घोटून घोटून वाक्य तयार होईपर्यंत चर्चा पुढे सरकते आणि तयार वाक्य शिळं होतं. आधी बोललेल्याला धरून सुरुवात करणं सोपं: ‘आत्ता जो मुद्दा आला, त्याला जोडून मला पान अमुकवरच्या कोष्टकाबद्दल विचारायचं आहे.’ गावाकडचा अनुभव जरूर सांगावा. आजी पाझर तलावाच्या कामावर जायची, ही माहिती त्या वर्गात दुसऱ्या कोणाकडेच नाही. मात्र दोन वाक्यांत सांगून तो लेखातल्या दाव्याशी जोडावा, नाहीतर सगळे कौतुकानं माना हलवतात आणि चर्चा पुढे निघून जाते. अमेरिकेत अशा सहभागाला पुष्कळदा थेट गुण असतात, ब्रिटनमध्ये बरेचदा नसतात, म्हणून इथे गप्प बसण्याची किंमत लगेच दिसत नाही. ती निबंधात दिसते, कारण सेमिनारमध्ये न तपासलेला मुद्दा पहिल्यांदा परीक्षकासमोरच उभा राहतो.

तीच शंका आता तीन हजार शब्दांच्या निबंधाचा कणा होऊ शकते. आपल्या सवयीची सुरुवात मात्र अशी असते: ‘महाराष्ट्र हे कृषिप्रधान राज्य आहे. १९७२च्या भीषण दुष्काळात…’ आणि दीड पान इतिहास. परीक्षक पहिल्या परिच्छेदात एवढंच शोधत असतो, की लेखिका काय म्हणणार आहे आणि कशाच्या जोरावर. म्हणून थेट लिहावं: ‘१९८८ नंतर रोजगार घटण्याचं कारण मागणीतली घट नसून कामं सुरू करण्यातली टाळाटाळ होती, असा या निबंधाचा दावा आहे. मात्र चांगल्या पावसाचा परिणाम वेगळा काढल्याशिवाय तो टिकत नाही, म्हणून पहिल्या भागात तोच तपासला आहे.’ ही दोन वाक्यं जमली तर प्रत्येक परिच्छेदाचं काम ठरून जातं: आधी त्या परिच्छेदाचा मुद्दा, मग आधार, मग त्या आधारातून काय निघतं. शेवटचा भाग आपल्याकडे गळतो. आकडा दिला की काम झालं असं आपण समजतो, आणि शेरा येतो की निबंध वर्णनात्मक आहे.

भाषेच्या दोन खोडी मोडाव्या लागतात. ‘नोबेलविजेते सुप्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन म्हणतात’ असं तिथे लिहीत नाहीत. आडनाव, साल, पान क्रमांक, बस. बिरुदं काढणं म्हणजे अनादर नव्हे. सेन यांचा दावाही बाकीच्यांसारखाच तपासायचा आहे. दुसरी खोड ‘यावरून सिद्ध होते’ ही. एका राज्याच्या काही वर्षांच्या आकड्यांवरून सिद्ध फारसं काही होत नाही. ‘असं दिसतं’, ‘या कालावधीपुरतं म्हणता येईल’ अशी मोजूनमापून केलेली विधानं तिथे कच्चेपणाची समजली जात नाहीत, उलट त्यांतून लेखकाची समज दिसते.

मग येतो उसनवारीचा प्रश्न. उचलेगिरी करायची म्हणून करणारे थोडे, टिपणांमुळे त्यात सापडणारे पुष्कळ. समजा एखाद्या लेखात वाक्य आहे: ‘मजुरीवाढीनंतर प्रशासनाने नवी कामे मंजूर करण्यास विलंब केला.’ आपण लिहिलं: ‘वेतनवाढीनंतर सरकारने नव्या कामांना मंजुरी देण्यास उशीर केला.’ शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला. खाली संदर्भ दिला तरी हे तिथे सदोष लेखन ठरतं आणि संदर्भ नसेल तर वाङ्मयचौर्य. यावर उपाय टिपणं काढतानाच करायचा: लेख मिटून ठेवावा, मुद्दा आठवून आपल्या शब्दांत लिहावा, मग लेख उघडून पडताळावा. जसंच्या तसं उतरवलेलं प्रत्येक वाक्य टिपणातच अवतरणात टाकावं. तीन आठवड्यांनी कोणतं वाक्य आपलं आणि कोणतं दुसऱ्याचं, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही.

टर्निटिनचा टक्का पाहून घाबरू नये आणि निर्धास्तही होऊ नये. ती प्रणाली फक्त जुळणारा मजकूर दाखवते. रीतसर दिलेली अवतरणं आणि संदर्भसूचीही त्यात मोजली जाऊ शकतात. अमुक टक्क्यांच्या आत सगळं माफ, असा नियम नाही. मराठी मुलांसाठी वेगळा धोका असा, की मराठी अहवालातला उतारा इंग्रजीत भाषांतरित करून घातला तर यंत्राला बहुधा सापडत नाही, पण तोही संदर्भाशिवाय उचलेगिरीच. मराठी साधनं जरूर वापरावीत. मूळ नाव रोमन लिपीत, शेजारी चौकटी कंसात इंग्रजी भाषांतर, आणि उताऱ्याखाली भाषांतर स्वतःचं असल्याची नोंद करावी. पुण्यात एम.ए.ला लिहिलेला स्वतःचाच निबंध पुन्हा देणंही चालत नाही.

आता प्राध्यापकांकडे जायचं. पूर्ण मसुदा पाठवून ‘कृपया तपासून द्या’ म्हटलं तर बहुतेक ठिकाणी नकार येतो. गुणांसाठीचा मसुदा एकाचा वाचला तर सगळ्यांचा वाचावा लागेल, म्हणून अनेक विभागांत तशी मनाईच असते. एका पानाचा आराखडा मात्र बरेच शिक्षक पाहतात. त्यासाठी आठवड्यातले एक-दोन तास राखलेले असतात. दार उघडं असतं आणि बाहेर सहसा रांग नसते. आपली मुलं जात नाहीत, कारण काही अडलंय असं कबूल करणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

निबंध द्यायच्या निदान दोन आठवडे आधी तिनं पाठवलेली ईमेल साधारण अशी हवी. विषयाच्या ओळीत अभ्यासक्रमाचं नाव आणि ‘निबंधाचा आराखडा’. मायना ‘प्रिय डॉ. अमुक’. त्यांनी उत्तरात फक्त पहिलं नाव लिहून सही केली तर पुढच्या वेळी पहिल्या नावानं हाक मारायला हरकत नाही, सुरुवातीला जीभ अडखळते तरीही. मग तीन वाक्यं: ‘रोजगार हमी योजनेवर लिहिते आहे. माझा दावा सोबतच्या पानावर पहिल्याच ओळीत आहे. पावसाचा मुद्दा स्वतंत्र भाग म्हणून घ्यावा की मुख्य युक्तिवादातच मिसळावा, हे ठरत नाही, म्हणून गुरुवारच्या भेटीच्या तासात दहा मिनिटं येऊ का?’ ‘निबंध कसा वाटला’ याला उत्तर मिळतं ‘छान आहे’. ‘हे की ते’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. भेटीत ‘तुम्ही अमुक पाहू शकाल’ असं सौम्यपणे म्हटलं गेलं, तर ते पाहायलाच सांगितलं आहे असं धरावं.

गुण आल्यावर आकड्याचा अर्थ नीट लावावा. मास्टर्सला ५०ला उत्तीर्ण, ६०ला मेरिट आणि ७०ला डिस्टिंक्शन, आणि ८०च्या वर क्वचितच कोणी जातं. त्यामुळे ६४ पाहून घरी रडका फोन करायचं कारण नाही. गुण वाढवून मागण्यात अर्थ नसतो. निबंधांची दुसऱ्या परीक्षकाकडून पडताळणी होते, आणि परीक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाविरुद्ध अपील चालत नाही, फक्त प्रक्रियेतल्या चुकीविरुद्ध चालतं. ‘निबंध वर्णनात्मक आहे’ असा शेरा असेल, तर त्यातला एक परिच्छेद घरी पुन्हा लिहावा, जुना आणि नवा शेजारी शेजारी छापून न्यावा आणि विचारावं: ‘आता यात विश्लेषण आलं का, की अजून कमी पडतंय?’

उन्हाळ्यातल्या प्रबंधालाही हीच रीत लागू पडते, फक्त तिथे मार्गदर्शकाच्या भेटी मोजक्या ठरलेल्या असतात. प्रत्येक भेटीआधी दोन प्रश्न लिहून पाठवावेत आणि भेटीनंतर त्याच दिवशी काय ठरलं ते पाच ओळींत कळवावं. मार्गदर्शकाला काही वेगळं अभिप्रेत असेल तर तो लगेच दुरुस्त करतो, सप्टेंबर उजाडेपर्यंत थांबावं लागत नाही.