‘अटी लागू’ म्हणजे नेमक्या कोणत्या?

वसुबारसेच्या आधीपासूनच गल्लीतल्या गिफ्टच्या दुकानाचा मेसेज येतो: ‘दिवाळी धमाका! १,००० च्या वर खरेदीवर १० टक्के सूट. दिवाळीपर्यंत. अटी लागू.’ दुकानदाराच्या मनात सगळं स्पष्ट असतं. भांडण होतं ते गल्ल्यावर.

समजा, एक ताई ४५० रुपयांची फोटोफ्रेम, २५० चा मग आणि ४०० चं चांदीचं नाणं घेतात. बेरीज १,१००. त्यांच्या हिशेबाने ११० रुपये सूट. दुकानदार सांगतो, चांदीवर सूट नाही. ताई म्हणतात, बरं, उरलेल्या ७०० वर ७० द्या. तेही नाही, कारण चांदी वगळली की हजारच भरत नाहीत. इथे दोन वेगळ्या अटी आहेत: नाण्यावर सूट मिळते का, आणि नाणं हजारात धरतात का. मेसेजमध्ये एकही नव्हती. माझ्या मते इथे ताईंचं काहीच चुकलेलं नाही.

‘दिवाळीपर्यंत’ हाही तसाच शब्द. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं आणि भाऊबीज २३ ला. भावाबहिणींच्या भेटवस्तूंची खरेदी नेमकी या दोन दिवसांत होते. म्हणून तारीखच लिहावी. ‘१,००० च्या वर’ म्हटलं की बरोबर हजाराचं बिल अडकतं. ‘१,००० किंवा जास्त’ म्हटलं की सुटतं.

तोच मेसेज असा लिहिता येतो:

‘१७ ते २३ ऑक्टोबर (भाऊबीज), रात्री ९ पर्यंत. एका बिलात १,००० रुपये किंवा जास्त खरेदी केल्यास छापील किमतीवर १० टक्के सूट. चांदीच्या वस्तूंवर सूट नाही आणि त्यांची किंमत या १,००० मध्ये धरली जाणार नाही. आधीच किंमत कमी केलेल्या वस्तूंनाही हेच लागू. उदा. १,२०० ची खरेदी, सूट १२०, द्यायचे १,०८०.’

यातलं उदाहरण अजिबात गाळू नये. टक्केवारी वाचून पुढे जाणारा माणूस ‘द्यायचे १,०८०’ पाशी थांबतो. अटी सुटीच्या लगेच खाली हव्यात. लांब मेसेज व्हॉट्सअ‍ॅप मध्येच कापतं आणि ‘पुढे वाचा’च्या खालचं फार थोडे लोक उघडतात. फसव्या जाहिरातींबद्दलच्या केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा. म्हणजे मराठी मेसेजखाली इंग्रजी अटी चिकटवू नयेत.

आणखी एक अडचण पाठवण्यातली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. बाकीच्यांना सूट कळतच नाही. म्हणून तोच मजकूर, तसाच्या तसा, मोठ्या अक्षरांत गल्ल्याजवळही लावावा.