पडद्यावरचं गाव आधी नकाशावर वसवा

कोकणातल्या एका वाडीवर ॲनिमेशन मालिका करायची आहे, असं धरून चालू. नायिका आठ-नऊ वर्षांची मुलगी, रोज पाखाडी उतरून शाळेत जाणारी. कौलारू घर, तुळशीवृंदावन, माड, जांभ्याचा गडगा यांची सुटी चित्रं काढणं फारसं अवघड नाही. अडचण येते ती पुढच्या भागांत. आधी अंगणातून दिसणारी विहीर अचानक घरामागे जाते, शाळेची वाट कधी चढाची तर कधी उताराची होते. नेमकं काय चुकलं हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण गाव खोटं वाटू लागतं. म्हणून पार्श्वभूमीचं पहिलं चित्र रंगवण्याआधी गावाचा नकाशा हवा.

नकाशाची सुरुवात घरांपासून न करता जमीन आणि पाण्यापासून करावी. वर कातळाचा सडा, खाली व्हाळाच्या कडेने भाताचे सपाट मळे आणि मधल्या उतारावर घरं, ही कोकणातली ओळखीची रचना. विहीर जिथे पाणी लागतं तिथे, म्हणजे बहुतेकदा खालच्या अंगाला. एवढं ठरलं की पायवाटा आपोआप सुचतात, कारण माणसं पाण्याकडे, शेताकडे आणि देवळाकडे जातात.

मोठ्या कागदावर एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर असं प्रमाण घ्या. घर आणि शाळा यांत तीस सेंटिमीटर ठेवले, तर वाट तीनशे मीटरची झाली. मूल सेकंदाला साधारण एक मीटर चालतं, म्हणजे शाळेला पाच मिनिटं लागतील. वाटेतला संवाद चाळीस सेकंदांचा असेल, तर तेवढ्यात मुलगी चाळीसच मीटर पुढे सरकेल. तिच्यामागे त्या तुकड्यातलीच झाडं आणि घरं दिसायला हवीत.

नकाशावर उत्तर दिशाही दाखवा. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला समुद्र. शाळा पश्चिमेला असेल, तर सकाळी ऊन मुलीच्या पाठीवर असेल आणि सावली पुढे पडेल. संध्याकाळी ती पूर्वेकडे घरी परतते तेव्हाही सूर्य पाठीशीच असतो, म्हणून सावली पुन्हा पुढेच. हे नकाशाशिवाय लक्षात येणं कठीण.

संदर्भासाठी फोटो काढायचे ते मापं आणि बारकावे मिळवण्यासाठी. घराजवळ उभं राहून मोबाइलने काढलेल्या फोटोत जवळचा खांब अवाच्या सवा मोठा दिसतो, आणि मोबाइल वर तिरका धरला की भिंती आत कललेल्या दिसतात. असा फोटो गिरवला तर चूकही गिरवली जाते. त्यामुळे लांब उभं राहून, मोबाइल सरळ धरून फोटो घ्यावा आणि दारात एक माणूस उभा करावा. जांभ्याच्या चिऱ्याच्या एका थराची उंची टेपने मोजली की पुढे फोटोतले थर मोजून भिंतीची उंची काढता येते. त्याच जागेचे मे आणि जुलैमधले फोटोही हवेत. पावसात जांभा गडद होतो, गडग्यावर शेवाळ चढतं आणि पडवीला झावळ्यांचे आडोसे लागतात.

आता यथार्थदर्शन. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे सुमारे चार फुटांवर ठेवू. सपाट जमिनीवर क्षितिजरेषा प्रत्येक वस्तूला चार फुटांवर छेदते. सहा फुटी दारात ती खालून दोन तृतीयांशावर येते. मात्र घराचं जोतं मुलीच्या पायाखालच्या जमिनीपेक्षा चार फूट उंच असेल, तर क्षितिजरेषा बरोबर त्याच्या उंबऱ्यातून जाईल. मुलगी घराकडे वर पाहते आहे, हे एवढ्यानेच कळतं.

सगळ्यांत जास्त चूक होते ती पाखाडीत. घराची जमीन, चिऱ्यांचे थर आडवेच असतात, म्हणून त्यांच्या मागे जाणाऱ्या रेषा क्षितिजरेषेवरच मिळतात. चढणाऱ्या पाखाडीच्या कडा मात्र क्षितिजाच्या वर मिळतात आणि उतरणाऱ्या पाखाडीच्या खाली. घर आणि पाखाडी दोघांच्या रेषा एकाच बिंदूत नेल्या, तर एक तर चढ नाहीसा होतो किंवा घरं कलंडल्यासारखी दिसतात.

रंगकाम सुरू करण्यापूर्वी एक चाचणी घ्या. नकाशावर कॅमेऱ्याच्या दोन जागा नक्की करा आणि त्या दोन्हींवरून एकाच घराची साधी रेखाटनं काढा. दोन्हींत दाराशी त्याच मुलीची आकृती उभी करा. दाराशी तिची उंची जुळत नसेल किंवा विहीर नकाशाने सांगितलेल्या बाजूला येत नसेल, तर चित्र सुंदर असलं तरी बाजूला ठेवा आणि नकाशावरून पुन्हा काढा. त्या टप्प्यावर दुरुस्तीला एक कागद पुरतो. रंगवून झाल्यावर अख्खा प्रसंग बदलावा लागतो.