शोकेस पाहावी तिरक्या नजरेने

शोकेस सजवणारा माणूस ती तपासतो रात्री, दुकान बंद झाल्यावर, काचेसमोर मधोमध उभा राहून. रस्त्यावर अंधार असतो, आतले दिवे लागलेले असतात, मध्ये कोणी येत-जात नसतं. अशा वेळी कुठलीही शोकेस छानच दिसते. गिऱ्हाईक मात्र दुपारी येतं, कडेने येतं आणि चालत येतं. म्हणून शोकेसचं परीक्षण करायचं तर ते त्याच्या वाटेवरून, त्याच्या वेळेला करायला हवं.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरचं साड्यांचं एक दुकान डोळ्यांसमोर आणू. दिवाळीचे दिवस, दहा फूट रुंदीची काच, आत गडद मरून मखमलीच्या पडद्यापुढे एका ओळीत तीन पुतळे. एकीला जांभळी पैठणी, दुसरीला बाटलीहिरवी, तिसरीला लाल. वर आकाशकंदील, कडेने लुकलुकणारी माळ, पुतळ्यांच्या पायाशी किमतीच्या चिठ्ठ्या. दुकान रस्त्याच्या दक्षिण बाजूला आहे, म्हणजे त्याचं तोंड उत्तरेला. ऊन आत येत नाही, साड्या विटत नाहीत, म्हणून मालक निर्धास्त.

आता फूटपाथवरून नेहमीच्या चालीने चालत जाऊ. माणूस साधारण सेकंदाला चार फूट चालतो, त्यामुळे ही काच ओलांडायला त्याला जेमतेम अडीच सेकंद लागतात. शिवाय काच त्याला आधी दिसते ती बाजूने, तिरकी. अंगाशी आल्यावर मान वळवून आत पाहणारे थोडेच. थांबायचं की पुढे जायचं हे तिरक्या नजरेतच ठरतं.

त्या तिरक्या नजरेला या दुकानात सगळ्यात आधी काय दिसतं? समोरची इमारत. दिवाळीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे समोरच्या, म्हणजे उत्तर बाजूच्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवर भर दुपारी लख्ख ऊन पडतं. साध्या काचेवर समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण आठ टक्के परत फिरतो. नजर तिरकी होत जाईल तसं हे प्रमाण वाढतं आणि साठ अंशांच्या आसपास दुप्पट होतं. आठ टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण उन्हातल्या पांढऱ्या भिंतीचे आठ टक्के हे आतल्या दिव्यांत न्हालेल्या जांभळ्या साडीपेक्षा कितीतरी उजळ असतात. गडद साडी आणि तिच्यामागे गडद पडदा म्हणजे दुपारचा आरसाच. ऊन नको म्हणून खूश असलेल्या मालकाला समोरच्या उन्हाचा फटका बसतो तो असा.

हे मालकाच्या लक्षात येत नाही, कारण आत काय आहे ते त्याला ठाऊक असतं आणि त्याची नजर प्रतिबिंब वजा करून पाहते. मोबाइल तसं करत नाही. दुपारी एकच्या सुमारास, काचेच्या कडेपासून आठ-दहा फुटांवरून तिरका फोटो काढला की खरं काय ते कळतं. फोटोत साडीआधी समोरची रिक्षा दिसली, तर पुढचे गुण द्यायची घाईच करू नये.

यावर अधिक दिवे लावणं हा अर्धाच उपाय आहे, कारण उन्हाशी दिव्यांनी स्पर्धा होत नाही. तरी वीज वाचवायला दुपारी शोकेसचे दिवे बंद ठेवायचे आणि सात वाजता लावायचे, ही रीत उलटी आहे. शोकेसला उजेडाची जास्त गरज दुपारीच असते. त्याहून स्वस्त इलाज म्हणजे मरून पडदा काढून फिक्या रंगाचा लावणं आणि तोही उजळणं. गडद साडी मागे आणि फिक्या रंगाची साडी काचेजवळ आणली तरी फरक पडतो. नव्याने काच बसवायचीच असेल, तर वरची कड थोडी रस्त्याकडे झुकवता येते. मग काचेत समोरच्या भिंतीऐवजी सावलीतला फूटपाथ उमटतो. लंडनच्या हील्स या फर्निचरच्या दुकानात तर आत वळलेली अंतर्वक्र काच आहे. तिच्यातलं प्रतिबिंब काळ्या पृष्ठभागाकडे वळवलेलं असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला काच जणू नाहीच असं वाटतं.

काचेतून आतलं दिसायला लागल्यावर नजर कुठे ठरते ते पाहायचं. रस्त्याच्या पलीकडे उभं राहून डोळे बारीक करावेत. तपशील पुसट होतात आणि जे तरीही उठून दिसतं, तेच त्या शोकेसचं लक्षवेधी ठिकाण. आपल्या दुकानात ते निघतं लुकलुकणारी माळ. विकायची आहे साडी आणि नजर खातेय माळ. एकाच उंचीचे, एकाच पवित्र्यातले तीन पुतळे एकमेकांना मारतात, हा दुसरा दोष. माळ काढून एक पुतळा पुढे घ्यावा आणि बाकीचे दोन मागे, थोडे वळवून ठेवावेत. म्हणजे प्रश्न बराचसा सुटतो.

उंचीचा हिशेबही राहूनच जातो. शोकेसचा ओटा फूटपाथपासून दोन फूट वर आणि पुतळा साडेपाच फुटांचा, म्हणजे त्याचं डोकं साडेसात फुटांवर. पाहणाऱ्या बाईचे डोळे पाच फुटांच्या आत-बाहेर. तिच्या नजरेसमोर येते ती पुतळ्याची कंबर आणि निऱ्या. पैठणीचं सगळं वैभव पदरात, मोरांत आणि काठात. तेव्हा पदर खांद्यावरून मागे सोडण्याऐवजी हातावर पसरून पाच फुटांच्या पातळीला आणायला हवा. रस्त्यापलीकडून पाहणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण असते. कडेला लावलेल्या दुचाकींमुळे शोकेसचा खालचा भाग त्यांना दिसतच नाही.

दिव्यांचं काम इथे बारीक होतं. जर आरशासारखी वागते. उजेड तिच्यावरून परतून पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आला तरच ती चमकते. डोक्यावरून सरळ खाली पडणाऱ्या दिव्याखाली पुतळ्याच्या डोळ्यांखाली सावल्या पडतात आणि जर मात्र विझलेली दिसते. दिवा काचेच्या आतल्या वरच्या कडेला, थोडा बाजूला लावून तिरका आत मारला की पदर उजळतो. तो बाजूने येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही ना, हे दोन्हीकडून चालून पाहावं. दिवा घेताना त्याचा सीआरआय नव्वदच्या वर आहे का, हे विचारावं. हलक्या एलईडीखाली लाल रंग मातकट दिसतो. मग गिऱ्हाईक साडी घेऊन दारात जातं, "उजेडात बघू" म्हणतं आणि शोकेसमधला रंग वेगळाच होता असा संशय धरतं.

उरली किंमत. महागडी साडी आहे, किंमत कशाला लावायची, असं पुष्कळ दुकानदार म्हणतात. पण किंमत दिसली नाही की बाहेरची बाई विचारायला आत येतेच असं नाही. "आपल्याला परवडणारी नसेल" असं म्हणून ती पुढे जाते. आपल्या दुकानात चिठ्ठ्या आहेत, पण पायाशी, दुचाकींमागे लपलेल्या, पेनाने लिहिलेल्या आणि चकचकीत प्लॅस्टिकमध्ये. दहा फुटांवरून सहज वाचायला साधारण एक इंच उंचीचं अक्षर लागतं, असा फलक रंगवणाऱ्यांचा ठोकताळा आहे. फूटपाथवरून पदरापर्यंत अंतर सहा फूट धरलं, तर आकडा अर्ध्या इंचाहून मोठा हवा. तो मॅट कार्डावर, पदराच्या शेजारी आणि कुठल्या साडीचा ते कळेल असा असावा. "४,९९९" मोठ्ठं आणि "पासून" मुंगीएवढं लिहून शेजारी अठरा हजारांची साडी टांगली, तर किंमत दिसूनही गुण कापावेत. आत गेलेलं गिऱ्हाईक चिडून बाहेर येतं.

परीक्षकाने शेवटची तपासणी काचेपासून दूर करावी. दुकान ओलांडून वीस पावलं पुढे गेलेल्या दोघा-तिघांना थांबवून विचारावं, मागच्या शोकेसमध्ये काय होतं? "जांभळी पैठणी, अठरा हजारांची" असं उत्तर आलं तर पैकीच्या पैकी. "काहीतरी लाइटिंग होतं" असं आलं, तर मालकाने दिवाळीची रोषणाई केली आहे, शोकेस नाही.