सहा मिलिमीटरची गाठ आणि पित्ताची गोळी

माझ्या मोठ्या वहिनी इथे गव्हाणलाच राहतात. वय 52. डोके वारंवार दुखते म्हणून पनवेलला मेंदूचा एमआरआय काढला. डोकेदुखीचे कारण त्यात सापडले नाही. मात्र अहवालाच्या शेवटी ‘पीयूष ग्रंथीत 6 मिलिमीटरची गाठ’ अशी एक ओळ होती. त्या ओळीने घरात दोन दिवस कोणाला धड जेवण गेले नाही. त्या निमित्ताने मी जे वाचले, डॉक्टरांना विचारले आणि पाहिले, ते इथे मांडत आहे.

पीयूष ग्रंथी वाटाण्याएवढी असते. मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मागे हाडाच्या एका खळग्यात ती बसलेली असते. थायरॉइड, अंडाशय आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी यांना हुकूम देणारी संप्रेरके तिच्यातून निघतात. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एमआरआयमध्ये या ग्रंथीत बारीक गाठ दिसणे दुर्मीळ नाही. शवविच्छेदनांच्या अभ्यासांत साधारण दहांतल्या एका माणसात अशी गाठ आढळली आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर तिचा पत्ताही नव्हता. ती जवळजवळ नेहमी कर्करोगाची नसते.

म्हणून डॉक्टर दोन प्रश्न विचारतात. गाठ शेजाऱ्याला दाबते आहे का? आणि ती स्वतः संप्रेरक तयार करते आहे का?

पहिल्याचे उत्तर आकारात असते. 10 मिलिमीटरपेक्षा लहान ती सूक्ष्म गाठ, त्याहून मोठी ती स्थूल. ग्रंथीच्या वर दृष्टीच्या नसा एकमेकींना छेदतात. गाठ वर वाढून तिथे टेकली, तर दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचे दिसेनासे होते. माणूस चालताना दाराच्या चौकटीला धडकू लागतो. वहिनींची गाठ त्या नसांपासून दूर होती.

दुसऱ्याचे उत्तर रक्तात असते. वाढीच्या संप्रेरकासाठी आयजीएफ-1 तपासले. ते वयाच्या मानाने ठीक आले. कॉर्टिसॉलसाठी रात्री 11 वाजता डेक्सामेथासोनची 1 मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी 8 वाजता रक्त घेतले. निरोगी शरीरात या गोळीने कॉर्टिसॉल 1.8 मायक्रोग्रॅमच्या खाली जाते, वहिनींचेही गेले. पण प्रोलॅक्टिन आले 84. बाईमाणसात ते साधारण 25 च्या आत असते.

इथेच चूक होऊ शकते. गाठ आहे आणि प्रोलॅक्टिन वाढले आहे, म्हणजे गाठच ते तयार करते, असे म्हणून कॅबर्गोलिनची गोळी वर्षानुवर्षे सुरू होते. आमच्या एंडोक्रायनोलॉजिस्टनी आधी विचारले, “घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत?” वहिनी रोज सकाळी पित्ताची कॅप्सूल घेत होत्या. त्या कॅप्सूलमध्ये पित्ताच्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन होते. मेंदूतून येणारे डोपामिन प्रोलॅक्टिनला लगाम घालते आणि डॉम्पेरिडोन तो लगामच सैल करते. लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधेही हेच करतात. थायरॉइड मंदावल्यावरही प्रोलॅक्टिन वाढते. वहिनींचे थायरॉइड ठीक होते.

डॉक्टरांनी कॅप्सूल बंद करून चौथ्या दिवशी पुन्हा रक्त घेतले. प्रोलॅक्टिन 12 आले. म्हणजे दोष कॅप्सूलचा होता आणि गाठ गप्प होती. मानसिक आजाराची गोळी मात्र अशी आपल्या मनाने थांबवू नये. ती थांबवायची की बदलायची, हे ती देणारे डॉक्टरच ठरवतात.

मग उरते लक्ष ठेवणे. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सूक्ष्म गाठीचा एमआरआय वर्षाने पुन्हा काढतात, स्थूल गाठीचा सहा महिन्यांनी. गाठ स्थिर राहिली, तर पुढचे अंतर वाढवत नेतात. लक्षणे नसली आणि सूक्ष्म गाठ वाढली नाही, तर रक्ततपासण्या पुन्हापुन्हा लागत नाहीत.

मापाबद्दल एक खबरदारी सांगतो. एमआरआयचे काप काही मिलिमीटर जाडीचे असतात, त्यामुळे 6 चे 7 दिसले म्हणजे गाठ वाढलीच असे नाही. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने फिल्म काढावी आणि ती फक्त गेल्या वर्षीच्या फिल्मशी नव्हे, पहिल्या फिल्मशीही ताडून घ्यावी. दर वर्षी थोडीथोडी होणारी वाढ मागच्याच फिल्मशी तुलना केल्यास नजरेतून सुटते.

एका प्रसंगी मात्र वाट पाहू नये. अचानक असह्य डोके दुखले, उलट्या झाल्या, एकाचे दोन दिसू लागले किंवा नजर मंदावली, तर गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. हे क्वचित घडते, पण तेव्हा थेट मोठ्या रुग्णालयातच जावे.

वर्षाने वहिनींची दुसरी फिल्म काढली. गाठ 6 मिलिमीटरच होती. डोकेदुखी अर्धशिशीची निघाली, तिचा उपचार वेगळा चालू आहे. दोन्ही फिल्मा, रक्ताचे अहवाल आणि चालू गोळ्यांची यादी आता एकाच पिशवीत कपाटात ठेवलेली आहे. डॉक्टरकडे जाताना त्या ती पिशवीच उचलतात.