पर्यावरण मंजुरीच्या अटी: लहान कारखानदारांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

पर्यावरण मंजुरी, म्हणजेच ईसी, ही केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्प उभारण्यापूर्वी घ्यायची परवानगी आहे. ती सगळ्या कारखान्यांना लागत नाही. अधिसूचनेच्या परिशिष्टात ज्या उद्योगांची नोंद आहे त्यांनाच लागते. डाय, डाय इंटरमीडिएट किंवा बल्क ड्रग तयार करणारे कारखाने त्यात येतात आणि गुंतवणूक लहान आहे एवढ्या कारणाने सुटत नाहीत. एमआयडीसीतील अशा लहान कारखान्याला मंजुरी साधारणपणे राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाकडून मिळते. मिळालेले पत्र मालक बहुधा सल्लागाराकडे सोपवतो. पत्राविषयीचे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

पहिला समज असा, की ईसी हाती आली म्हणजे कारखाना चालवायला हरकत नाही. प्रत्यक्षात ईसी ही पहिली पायरी आहे. त्यानंतर जल कायदा १९७४ आणि वायू कायदा १९८१ यांखाली महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे उत्पादन सुरू करण्याचे संमतीपत्र घ्यावे लागते. बोलीत याला ‘कन्सेंट’ म्हणतात. घातक कचऱ्याची परवानगीही मंडळाचीच असते. ईसी आणि कन्सेंट यांतील आकडे वेगळे निघाले तर सोयीचा आकडा निवडता येत नाही. दोन्ही पत्रे एकाच वेळी पाळायची असल्याने व्यवहारात जी मर्यादा कडक तीच लागू पडते. म्हणून ही दोन्ही पत्रे शेजारी ठेवूनच वाचावीत.

मुदतीबद्दलचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक औद्योगिक प्रकल्पांच्या ईसीची वैधता १० वर्षे आहे. काही मालकांना वाटते की १० वर्षांनी कारखाना बंद करावा लागेल. काहींना वाटते की १० वर्षांत कधीही, काहीही वाढवता येईल. दोन्ही चुकीचे आहे. ही मुदत बांधकाम पुरे करून उत्पादन सुरू करण्यासाठी असते. मुदतीत उत्पादन सुरू झाले की कारखाना पुढे चालू राहतो आणि अटीही त्याच्यासोबत राहतात. मंजूर प्रकल्पाचा जो भाग मुदतीत उभा राहिला नाही, तो नंतर त्याच पत्राच्या आधारे उभारता येत नाही.

पत्राची सुरुवातीची पाने प्रकल्पाचे वर्णन म्हणून उलटली जातात, कारण ‘विशिष्ट अटी’ आणि ‘सर्वसाधारण अटी’ ही शीर्षके पुढे येतात. खरे बंधन मात्र बरेचसे त्या वर्णनातच असते. उत्पादनांची यादी, प्रत्येकाची क्षमता, पाण्याचा वापर, इंधन आणि कचऱ्याचे प्रकार हे सगळे तिथे लिहिलेले असते. समजा मंजुरी ‘अ’ या रसायनाच्या महिना ३० टन आणि ‘ब’च्या १० टन उत्पादनाची आहे. बाजारात ‘ब’ला मागणी आली म्हणून दोन्ही २०-२० टन केले, तर एकूण ४० टन तेवढेच राहतात; पण ‘ब’चे उत्पादन मंजुरीच्या दुप्पट झालेले असते. दोन रसायनांचे सांडपाणी सारखे नसते, म्हणून बेरीज जुळण्याला अर्थ नाही. प्रदूषणाचा भार वाढत नाही हे सिद्ध होत असेल तर नियमांत सवलतीचा मार्ग आहे, पण तो बदल करण्याआधी धरायचा असतो.

सर्वाधिक गैरसमज पाण्याच्या अटींबद्दल आहेत, विशेषतः ‘शून्य द्रव विसर्ग’ या अटीबद्दल. कारखान्याबाहेर नळी जात नाही म्हणजे अट पाळली, असे मानले जाते. ही अट तपासणारे मात्र नळीपेक्षा हिशेब पाहतात. उदाहरणादाखल एक कारखाना घेऊ, ज्याला दिवसाला २० घनमीटर पाण्याची मंजुरी आहे. त्यातील २ घनमीटर सांडपाणी अतिक्षारयुक्त आहे आणि ते बाष्पीभवन संयंत्रात, म्हणजे एमईईत, आटवायचे आहे. उरलेले सौम्य सांडपाणी ईटीपीत शुद्ध करून पुन्हा वापरायचे आहे.

मंजुरीच्या अर्जात या क्षारयुक्त पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम विरघळलेले घन पदार्थ आहेत असे लिहिले होते, असे धरू. म्हणजे एका घनमीटरमागे ५० किलो आणि २ घनमीटरमागे रोज १०० किलो. महिन्याचे २५ दिवस काम चालले तर एमईईतून किमान अडीच टन कोरडा क्षार निघायला हवा. तो सहसा ओलसर असतो, त्यामुळे वजन त्याहून जास्तच भरते. हा क्षार घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत बाष्पीभवनानंतरच्या अवशेषांची नोंद ३७.३ या क्रमांकाखाली आहे. त्यामुळे तो तळोजा किंवा रांजणगाव येथील केंद्रांसारख्या अधिकृत सामायिक विल्हेवाट केंद्राकडेच जायला हवा. प्रत्येक खेपेचे नमुना १० मधील मॅनिफेस्टही हवे. आवारात तो साधारणपणे ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही.

आता मॅनिफेस्टवर महिन्याला ३०० किलोच दिसले, तर उरलेले क्षारयुक्त पाणी कुठे गेले हा प्रश्न अटळ आहे. एमईई चालवायला वाफ लागते, म्हणून खर्च वाचवण्यासाठी ती बंद ठेवण्याचा मोह होतो. पण मग बॉयलरच्या इंधनाची आणि विजेची बिलेही तसे सांगतात. नमुना न घेता, नुसत्या कागदांवरून हे उघड होते. म्हणून मालकाने दर महिन्याला एमआयडीसीचे पाणी बिल, फ्लो मीटरच्या नोंदी, इंधनाची बिले आणि मॅनिफेस्ट एकत्र मांडून ही गुणाकार-भागाकाराची कसोटी स्वतः लावावी. यंत्रणा नीट चालत असूनही आकडे जुळत नसतील, तर बहुधा अर्जातला ५० ग्रॅमचा अंदाजच चुकलेला असतो. तो प्रयोगशाळेच्या अहवालासह लेखी कळवून दुरुस्त करून घ्यावा, कारण तपासणी त्याच आकड्यावर होते.

काही अटी मात्र सूत्रात बसतात आणि एकदाच तपासाव्या लागतात. डिझेल जनरेटरच्या धुराड्याची उंची त्यांपैकी एक. नियम H = h + 0.2√kVA असा आहे. इथे h म्हणजे जनरेटर ज्या इमारतीत आहे तिची मीटरमधील उंची. २५० केव्हीएच्या जनरेटरला इमारतीच्या वर सुमारे ३.२ मीटर धुराडे लागते. छपरापाशीच संपणारे धुराडे अनेक आवारांत सहज दिसते.

शेवटचा मोठा गैरसमज अहवालाचा. अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. मंडळाकडे ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचे वार्षिक पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे ‘फॉर्म ५’, हे वेगळे. एक दिले म्हणून दुसरे टळत नाही. सहामाही अहवालात प्रत्येक अटीपुढे ‘मान्य’ किंवा ‘पाळले जाईल’ असे छापील उत्तर लिहिण्याची पद्धत आहे. चालू कारखान्याने ‘पाळले जाईल’ लिहिणे म्हणजे आजवर पाळले नाही, अशी लेखी कबुलीच. उत्तरात आकडा, तारीख आणि सोबतचा कागद हवा: झाडांची अट असेल तर लावलेली आणि जगलेली संख्या, खर्चाची अट असेल तर त्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च. अहवाल सल्लागाराने लिहिला तरी जबाबदारी मंजुरीधारकाचीच राहते. जन विश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला, तरी ही जबाबदारी बदललेली नाही.

कारखाना विकल्याने ईसी आपोआप नव्या मालकाच्या नावे होत नाही. जुन्या मालकाच्या लेखी ना हरकतीसह अर्ज करावा लागतो आणि हस्तांतर त्याच अटींवर, उरलेल्या मुदतीपुरते होते. त्यामुळे खरेदीदाराने यंत्रांसोबत मागील काही वर्षांचे सहामाही अहवाल आणि मॅनिफेस्टही मागून घ्यावेत.